सुनावणीतला दीड सेकंद

मी डिश लावणारा माणूस. टीव्हीची नव्हे, इंटरनेटची. कुरखेड्याच्या पुढं जंगलात जिथं तार पोचत नाही आणि मोबाइलचा टॉवर नुसता फोटो काढायच्या कामाचा आहे, अशा गावांतल्या ग्रामपंचायती, आरोग्य उपकेंद्रं, आश्रमशाळा ही माझी गिऱ्हाइकं. मी मूळचा घुग्घुसचा. बाप कोळशाच्या खाणीत पाळीवर जायचा, घरात नेहमी काळी धूळ, त्यामुळं लहानपणी मोकळ्या आभाळाची फार हौस होती. देवानं ती अशी पुरवली, की अठरा वर्षं मी आभाळाकडं बघूनच पोट भरतोय.

ह्या कामात माणसाला एक घमेंड येते. मोटारसायकलला डिश बांधून साठ किलोमीटर आत जायचं, छपरावर चढायचं, कुठंही न दिसणारा उपग्रह अंदाजानं गाठायचा आणि खाली संगणकावर चित्र आलं की गावकऱ्यांकडं असं बघायचं जणू ते आपणच काढलंय. मला ती घमेंड जरा जास्तच होती. कोणी तक्रार केली की मी मीटर दाखवायचो. सिग्नल पूर्ण, वेग पूर्ण. मग तुझं काय दुखतंय?

अशी तक्रार एकच माणूस पुन्हापुन्हा करायचा. एका गावच्या ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, लग्न झालेला, कामात चोख. संध्याकाळी ऑफिस बंद करून तो फोनवर बंदुकीचा गेम खेळायचा आणि रोज मरायचा. मी गेलो की फोन पुढं करायचा आणि पडद्याच्या कोपऱ्यातला लाल आकडा, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागलेले मिलिसेकंद, दाखवायचा. कधी साडेसहाशे, कधी सातशे. मी त्याला सांगायचो की बाबा, तुझा उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर आहे. तिथं जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो आणि उत्तर परत यायला आणखी पाव. बाकीचा मधल्या यंत्रांचा खर्च. वेग कितीही वाढवला तरी अंतर तेवढंच राहतं, प्रकाशापेक्षा जास्त कोणी पळत नाही. आणि सरकारनं ही डिश तुझ्या खेळासाठी बसवलेली नाही. ह्यावर तो हसायचा. मी पण हसायचो.

त्याच गावात एक बाई होत्या. गोंड समाजातल्या, साठीच्या पुढच्या, नवरा वारलेला. गावाच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून त्यांची दोन बांध्यांची, म्हणजे बांध घातलेल्या दोन तुकड्यांची, धानाची जमीन. लग्न होऊन आल्या तेव्हापासून नवऱ्याबरोबर आणि नंतर एकटीनं त्या ती कसत होत्या, पण कागदावर ती जंगलाची. वनहक्काच्या कायद्याखाली त्यांनी पट्टा मागितला होता. ग्रामसभेनं एकमतानं ठराव दिला होता. वरच्या समितीला काही शंका होत्या म्हणून त्यांची सुनावणी लागली.

सुनावणी व्हिडिओवर घ्यायची कल्पना समितीच्या प्रमुख, उपविभागीय अधिकारी मॅडमची. कल्पना चांगल्या मनाची होती हे मी आजही म्हणेन. तेंदूपानाचा हंगाम चालू होता. त्या पंधरा दिवसांत एक दिवस बुडाला तर इथल्या माणसाचं वर्षाचं गणित बिघडतं. साठ किलोमीटर येऊन ऑफिसच्या व्हरांड्यात बसण्यापेक्षा लोकांनी सकाळी पानं तोडून यावं, गावातच पंचायतीत बसून बोलावं आणि दुपारी पुडे बांधायला जावं, असा त्यांचा हिशोब होता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मॅडमच्या ऑफिसातून मला फोन आला. रस्ता रुंद करणाऱ्या मशीननं ऑफिसची इंटरनेटची तार तोडली होती. ऑफिसच्या गच्चीवर आणीबाणीसाठी एक डिश होती, मीच लावलेली, दोन वर्षं नुसती उन्हात वाळत पडलेली. ती चालू करण्याची संधी मी सोडणार होतो थोडाच. संध्याकाळी जाऊन ऑफिस डिशवर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गावाकडं निघालो.

माझी चूक इथं झाली, आणि ती आमच्या धंद्यातल्या माणसानंच करावी अशी चूक आहे. दोन डिश एकमेकींशी थेट बोलत नाहीत. गावची डिश वर उपग्रहाला सांगते, उपग्रह खाली दूरच्या शहरातल्या आमच्या मुख्य केंद्राला सांगतो, केंद्र पुन्हा वर पाठवतं आणि मग ते ऑफिसच्या डिशवर उतरतं. म्हणजे छत्तीस हजार किलोमीटरचं चढणं-उतरणं एकदा नाही, दोनदा. प्रश्न पोचायला अर्धा सेकंद, उत्तर परतायला अर्धा, शिवाय चित्र दाबून लहान करायला आणि पुन्हा उलगडायला लागणारा वेळ. सगळं मिळून दीड सेकंद. मॅडमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट त्या संगणकाला जोडला असता तर एक फेरी वाचली असती. मला हे माहीत होतं. पण मला माझी डिश चालवून दाखवायची होती.

सकाळी चित्र इतकं स्वच्छ आलं की परिचालकानं मान डोलावली. कुठं अडकणं नाही, चौकोन पडणं नाही. मी कंपनीला पाठवायला पुरावा म्हणून खोलीच्या कोपऱ्यात फोन उभा केला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. बाई धुतलेलं लुगडं नेसून खुर्चीच्या कडेवर बसल्या. बोटं तेंदूच्या डागांनी काळी.

त्या गावाची एक रीत मी तोवर अनेकदा पाहिली होती. ग्रामसभेत कोणी काही विचारलं की कोणी लगेच तोंड उघडत नाही. प्रश्न आधी बसू देतात. दोन-तीन श्वास जातात, मग उत्तर येतं. झटकन बोलणारा माणूस तिथं उथळ ठरतो, आणि मोठ्या माणसाला झटकन उत्तर देणं म्हणजे त्याचा प्रश्न ऐकलाच नाही असं होतं. बाईंसमोर तर साहेब होत्या. त्या दुप्पट अदबीनं थांबत होत्या.

मॅडमनी विचारलं, जमीन तुम्ही स्वतः कसता ना? बाईंनी मनात प्रश्न ठेवला, पदर नीट केला आणि "हो" म्हणाल्या. त्यांच्या त्या "हो"वरच मॅडमचा पुढचा प्रश्न येऊन आदळला: मधे कधी सोडली होती का? बाई पुन्हा थांबल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "नाई." लगेच मॅडमचा आवाज आला, परत आल्यावर तुम्हीच कसता का? बाई गोंधळल्या. कुठून परत? त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. त्या विचारायला तोंड उघडतात तोच मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, झालं, पुढचं नाव घ्या.

मला एवढंच वाटलं की मॅडम घाईत आहेत. बोलणाऱ्याला पुरं बोलू देत नाहीत. बाई उठल्या, हात जोडले आणि पुडे बांधायला गेल्या.

पाऊस लागायच्या आधी कागद आला. दावा फेटाळला होता. कारण असं लिहिलं होतं की अर्जदारानं सुनावणीत स्वतः सांगितल्याप्रमाणे जमीन मधल्या काळात सोडून दिलेली होती आणि सध्या अर्जदार ती स्वतः कसत नाही.

हे मला परिचालकानं सांगितलं. जून संपत आला होता, उंदरानं कुरतडलेली वायर बदलायला मी गेलो होतो. तो म्हणाला की बाईनं असं काऊन सांगितलं, गावात कोणालाच समजून नाही राह्यलं. तो स्वतः खोलीत होता, त्यानं "नाई" ऐकलं होतं. बाई म्हणतात मी असं बोललीच नाही, आणि ऑफिस म्हणतं आमच्याकडं रेकॉर्डिंग आहे, येऊन ऐका. मी म्हटलं, असेल काही तरी. वायर बदलली. तो सवयीनं गेम उघडून बसला, वायर चालते का बघायला म्हणून, आणि सवयीनं मेला.

मग त्यानं मला फोन दाखवत जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"भाऊ, पाहा. माझ्या पडद्यावर तो उभाच दिसते, म्हणून मी गोळी मारतो. पण त्याच्या पडद्यावर तो तिथून कधीचाच निघून गेला राहते. मी बी खोटा नाई, तो बी खोटा नाई. जे मी त्याले मारलं, ते त्याले नाई लागलं."

मी पाना हातात धरून तसाच उभा राहिलो. एका फेरीत ह्याचं असं होतं. मी तर त्या दिवशी दोन फेऱ्या लावल्या होत्या. खोलीवर आल्यावर मी माझं रेकॉर्डिंग काढलं आणि घड्याळ घेऊन बसलो. मॅडमच्या बाजूनं काय झालं असेल ते वहीवर मांडलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला. बाईंचं दोन श्वास थांबणं आणि वर दीड सेकंद, म्हणजे मॅडमना साडेतीन सेकंद शांतता. एवढी शांतता कुठला साहेब सहन करतो? दोन सेकंदांत त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. तो संपतो न संपतो तोच तिकडं बाईंचं पहिलं "हो" उतरलं. मधे सोडली होती का? हो. मॅडमनी लिहून घेतलं आणि साहजिक पुढचं विचारलं, परत आल्यावर तुम्हीच कसता का? त्यावर पोचलं दुसऱ्या प्रश्नाचं "नाई." प्रत्येक उत्तर एका प्रश्नानं घसरलं होतं. तिकडच्या रेकॉर्डिंगमध्ये हेच असणार, आणि ते रेकॉर्डिंग खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन हे सांगायला हवं होतं. मी नाही गेलो.

मी कारणं शोधली. कंपनीचं कंत्राट त्याच महिन्यात नवं व्हायचं होतं. ऑफिस डिशवर टाकताना मी कंपनीत कोणाला विचारलं नव्हतं. आधी नीट खात्री करू, एखाद्या मोठ्या इंजिनिअरला विचारू, अपिलाला मुदत असते, बाई अपील करतीलच. रोज बघू बघू म्हणत आषाढ गेला. त्या दिवसांत मी कामाला जाताना त्या गावाचा फाटा टाळायचो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बांध्यांत गुडघाभर चिखलात बाया ओळीनं रोवणी करत, धानाची रोपं लावत असायच्या, आणि मी मान खाली घालून गाडी मारायचो. भेकडपणा म्हणतात तो हाच. दुसरा शब्द शोधून उपयोग नाही.

श्रावणात कंपनीकडं चाचणीसाठी नव्या जातीची डिश आली. डिश कसली, सपाट पाटीच. तिचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवरूनच जातात. ते एका जागी थांबत नाहीत. एक उपग्रह मिनिटा-दोन मिनिटांत सरकतो, दुसरा त्याची जागा घेतो, पाटी आपोआप त्याच्याकडं वळते. आमची जुनी डिश झाडांच्या एका फटीतूनही काम करते, हिला मात्र चहूकडं मोकळं आभाळ लागतं. कुठं लावायची असं विचारलं तेव्हा मीच त्या गावाचं नाव घेतलं. का घेतलं ते माझं मला माहीत. पंचायतीसमोर मोहाचं मोठं झाड. एक फांदी तोडली असती तर काम झालं असतं, पण मोहाला कोणी हात लावू देईना आणि मलाही तो लावायचा नव्हता. शेवटी पाण्याच्या टाकीवर पाटी चढवली. परिचालकानं गेम उघडला. कोपऱ्यातला आकडा हिरवा, पंचेचाळीस. त्यानं एक गोळी मारली, समोरचा पडला, आणि तो माझ्याकडं पाहू लागला. त्याच्या लक्षात आलं होतं की मी हसत नाहीये.

त्याच आठवड्यात मी मॅडमकडं गेलो. त्यांच्याकडचं रेकॉर्डिंग मागून घेतलं, माझं बाजूला लावलं, दोन्हींतला पहिला प्रश्न एका क्षणी जुळवला आणि चालू केलं. एका पडद्यावर बाई प्रामाणिक, दुसऱ्या पडद्यावर मॅडम प्रामाणिक. त्यांनी ते तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पेन खाली ठेवलं. त्या दिवशीच्या बाकीच्या सुनावण्या त्यांनी पुन्हा घ्यायला काढल्या. दोन्हीकडं डिश मी लावली हे मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

मी म्हणालो, "आत्ताच. नवी पाटी लावली तेव्हा."

फेरसुनावणी भाद्रपदात लागली. नदीला पूर, रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी, त्यामुळं पुन्हा व्हिडिओवरच. ऑफिसची तार जोडली गेली होती, गावात नवी पाटी. बाई त्याच खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी मॅडमना आधीच विनंती केली होती की उत्तर येईपर्यंत पुढचं विचारू नका, ह्या वेळी जी शांतता असेल ती बाईंची असेल.

मॅडमनी विचारलं, जमीन तुम्ही आणि तुमचे यजमान कायद्यानं ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून कसत होतात? बाई थांबल्या. मॅडम थांबल्या. "हो." कुठं काही आदळलं नाही. एका खोलीत समोरासमोर बसावं तसं चाललं होतं. मला हायसं वाटलं, आणि वाटलं की सुटलो.

"मधे कधी सोडली होती का?" मॅडमनी विचारलं.

ह्या वेळी बाई जास्त थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"हो," त्या म्हणाल्या. "ह्या साली."

मॅडमना वाटलं पुन्हा काही तरी घसरलं. त्यांनी प्रश्न सावकाश परत विचारला. उत्तर तेच आलं. काहीही घसरलं नव्हतं.

"तुमच्याच कागदात लिवलं होतं ना मॅडम, का मी सोडली म्हणून. सरकारच्या कागदात लिवलं त्याच्यावर पाय कसा द्याचा? परे टाकलेच नाई. तशीच पडून आहे."

मॅडम पडद्यावर खाली बघत होत्या. कागद पुढं ओढून म्हणाल्या की हे सोडणं धरलं जाणार नाही, ह्याला आमचा कागद कारण आहे, मी तसं नोंदवते. त्यांनी तसं नोंदवलं, आणि हिवाळ्यात बाईंना पट्टा मिळाला. पण मी त्या खोलीत तेव्हा उभा होतो आणि मला नुसता हिशोब दिसत होता. कागद जूनमध्ये आला. परे, म्हणजे धानाची रोपं, टाकायला थोडा उशीर झाला तरी जुलैत रोवणी होते. मला जूनच्या शेवटी कळलं होतं.

मी कॅमेऱ्यासमोर गेलो. म्हणालो, मॅडम, मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला हे जूनमध्येच कळलं होतं. मी घाबरलो म्हणून गप्प राहिलो.

नंतर कंपनीनं खुलासा मागितला, मी लिहून दिला, ते सगळं रीतसर झालं. त्याचं मला काही वाटलं नाही. त्या क्षणी खोलीत परिचालक होता, पडद्यावर मॅडम होत्या. बाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी रीतीप्रमाणं माझं वाक्य आधी बसू दिलं. दोन श्वास, तीन श्वास. मी डोळे वर करू शकलो नाही.

"मंग तवाच सांगाचं ना, भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "रोवणी झाली असती."